निम्मे पैसे गेले, मग निम्मे काम कुठे आहे?

सोसायटीच्या इमारतीची दुरुस्ती निघाली की दर रविवारच्या बैठकीत एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत विचारला जातो: काम किती झाले? ठेकेदार म्हणतो, निम्म्याच्या वर. खजिनदार म्हणतात, ४० लाखांपैकी १२ लाखच दिलेत, म्हणजे आपण फायद्यात आहोत. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त अभियंता खिडकीबाहेरच्या परांचीकडे बोट दाखवून विचारतात, मग हे अजून इथेच कसे? तिघेही आपापल्या जागी खरे असतात. पण एक जण कामाबद्दल बोलतो, दुसरे पैशांबद्दल आणि तिसरे वेळेबद्दल. तिन्ही गोष्टी एकाच मापात मोजल्याशिवाय हा वाद मिटत नाही.

ते माप रुपया आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ साली आपल्या मोठ्या कंत्राटांसाठी जी पद्धत सक्तीची केली, तिला पुढे ‘अर्न्ड व्हॅल्यू’ म्हणजे कमावलेले मूल्य हे नाव पडले. कल्पना साधी आहे. आजच्या तारखेपर्यंत जेवढे काम व्हायला हवे होते त्याची अंदाजपत्रकातली किंमत म्हणजे नियोजित मूल्य. प्रत्यक्षात जेवढे काम झाले त्याची अंदाजपत्रकातलीच किंमत म्हणजे कमावलेले मूल्य. आणि तेवढ्या कामाला खरोखर जे लागले तो खर्च. पहिल्या दोन आकड्यांची तुलना वेळेबद्दल सांगते, दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांची पैशांबद्दल. लढाऊ विमानांसाठी निघालेली ही पद्धत पाच ओळींच्या एक्सेल शीटवरही चालते. मात्र सूत्र कुठल्या खान्यातून काय उचलते, याकडे डोळे उघडे ठेवून पाहावे लागते.

उदाहरण म्हणून एक बेतलेली इमारत घेऊ. काम जानेवारीच्या पहिल्या सोमवारी सुरू झाले, मुदत १६ आठवडे, अंदाजपत्रक ४० लाख. परांची बांधून सुटलेला गिलावा तोडायचा, त्याला ४ लाख, आठवडा १ ते ४. खांब-तुळयांची दुरुस्ती, १० लाख, आठवडा ३ ते ८. बाहेरचा गिलावा, १२ लाख, आठवडा ५ ते १२. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, ६ लाख, आठवडा ९ ते १२. शेवटी रंग, ८ लाख, आठवडा १३ ते १६. `Plan` नावाच्या शीटवर ही पाच कामे दुसऱ्या ते सहाव्या ओळीत बसतात. A मध्ये कामाचा संकेतांक, B मध्ये नाव, C मध्ये रक्कम, D आणि E मध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा आठवडा.

दुसरी शीट `Planned`. हिच्या पहिल्या ओळीत B पासून आठवड्यांचे क्रमांक, डाव्या बाजूला तेच पाच संकेतांक. काम उशिरा संपेल हे गृहीत धरून आठवडे १६ वर न थांबवता २४ पर्यंत, म्हणजे Y पर्यंत न्यावेत. B2 मध्ये हे सूत्र लिहायचे आणि सगळीकडे ओढायचे:

```
=Plan!$C2*MEDIAN(0,1,(B$1-Plan!$D2+1)/(Plan!$E2-Plan!$D2+1))
```

कंसातला भागाकार सांगतो की या आठवड्याअखेर कामाचा कितवा हिस्सा उरकायला हवा. काम सुरू होण्यापूर्वी तो ऋण येतो आणि मुदत संपल्यावर एकाच्या पुढे जातो. `MEDIAN` तीन आकड्यांतला मधला उचलते, त्यामुळे उत्तर शून्य आणि एक यांच्या बाहेर जात नाही. आठव्या आठवड्यात गिलाव्याच्या आठ आठवड्यांपैकी चार झालेले असतात, म्हणून १२ लाखांतले ६. पहिली दोन कामे तोवर पूर्ण व्हायला हवीत, त्यांचे १४. सातव्या ओळीत बेरीज घेतली की आठव्या आठवड्याचे नियोजित मूल्य २० लाख येते. प्रत्येक काम मुदतीभर एकसारख्या गतीने चालेल असे हे सूत्र धरून चालते. खऱ्या साइटवर तसे होत नाही, पण एवढ्या आकाराच्या कामाला तो ढोबळपणा चालून जातो.

आता साप्ताहिक प्रगती. इथे बहुतेक जण कामांची नावे उभी आणि आठवडे आडवे असा तक्ता काढतात आणि दर शनिवारी एक स्तंभ भरतात. दिसायला छान असतो, पण कुणी जुना आकडा खोडून नवा लिहिला तर माग राहत नाही. `Progress` शीट वहीसारखी ठेवावी, खाली वाढत जाणारी: A मध्ये आठवडा, B मध्ये संकेतांक, C मध्ये सुरुवातीपासून आजवर झालेली एकूण टक्केवारी. लिहिलेले खोडायचे नाही, नवी ओळ खाली लिहायची. C वर डेटा व्हॅलिडेशन लावून शून्य ते एक एवढेच आकडे घेऊ द्यावेत, नाहीतर एक जण ७५% लिहितो, दुसरा नुसते ७५ आणि इमारतीने एका आठवड्यात अंदाजपत्रकाच्या कित्येक पट कमाई केल्याचे दिसते.

या वहीतून त्या त्या आठवड्यापर्यंतची शेवटची नोंद उचलायची आहे. सगळ्यांत सोपा मार्ग `MAXIFS`: या कामाच्या आजवरच्या नोंदींतली सर्वांत मोठी टक्केवारी घ्या. प्रगती वाढतच जाणार असेल, तर सर्वांत मोठी तीच शेवटची. दुरुस्तीच्या कामात हे गृहीतक नेमके फसते, आणि ते का, हे नीट पाहण्यासारखे आहे.

खांब-तुळयांच्या दुरुस्तीचे मोजमाप चौरस फुटांत होते. परांची चढण्यापूर्वीच्या पाहणीत, समजा, ४,००० चौरस फूट धरले होते. आठव्या आठवड्याअखेर ३,००० झाले, म्हणजे ७५ टक्के. मग मागच्या बाजूचे खांब हातोडीने ठोकून पाहिल्यावर आणखी पोकळ काँक्रीट निघाले आणि एकूण काम ५,००० चौरस फुटांवर गेले. जमिनीवरून आणि खिडकीतून केलेल्या पाहणीत पोपड्यामागचे काँक्रीट दिसतच नाही, त्यामुळे ही वाढ जुन्या इमारतीत नेहमीची. नवव्या आठवड्यात आणखी २५० चौरस फूट झाले. पण आता ३,२५० भागिले ५,००० म्हणजे ६५ टक्के. काम पुढे गेले, टक्केवारी मागे आली. `MAXIFS` मात्र जुने ७५ कवटाळून बसते आणि या एका ओळीत ६.५ लाखांऐवजी ७.५ लाख दाखवते. म्हणून `Earned` शीटच्या B2 मध्ये जरा अवघड दिसणारे, पण खरे बोलणारे सूत्र घ्यावे:

```
=Plan!$C2*IFERROR(LOOKUP(2,
 1/((Progress!$B$2:$B$500=$A2)
 *(Progress!$A$2:$A$500<=B$1)
 *(Progress!$C$2:$C$500<>"")),
 Progress!$C$2:$C$500),0)
```

आतले तीन कंस प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारतात: काम हेच आहे का, आठवडा या आठवड्यापर्यंतचा आहे का, टक्केवारी भरली आहे का? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर गुणाकार एक येतो, एरवी शून्य. एकाला शून्याने भागले की चूक येते, त्यामुळे नको असलेल्या ओळी आपोआप बाद होतात आणि उरतात फक्त एक. `LOOKUP` त्या रांगेत २ शोधते. ते कुठेच नसते, म्हणून ती शेवटच्या आकड्यावर जाऊन थांबते आणि त्या ओळीतली टक्केवारी आणून देते. वहीत नोंदी आठवड्यांच्या क्रमाने असणे एवढीच अट. गूगल शीट्समध्ये हेच सूत्र `ARRAYFORMULA( )` मध्ये गुंडाळावे लागते. तिसऱ्या प्रश्नामुळे आणखी एक सोय होते. एखाद्या शनिवारी मोजमाप झाले नाही तर खाना रिकामा सोडायचा, शून्य लिहायचे नाही. रिकाम्या खान्यावर सूत्र मागच्या आठवड्याचा आकडा पुढे चालवते. शून्य लिहिले तर झालेले सगळे काम गायब होते.

वाढलेल्या १,००० चौरस फुटांचे काय करायचे, हा निर्णय सूत्राचा नाही, सभेचा आहे. चौरस फुटाला २५० रुपयांच्या दराने ते २.५ लाखांचे काम आहे. सभेने वाढीव काम म्हणून मंजुरी दिली, तर `Plan` मध्ये त्याची वेगळी ओळ घालावी. एकूण अंदाजपत्रक ४२.५ लाख होते आणि जुनी ओळ ४,००० च्याच हिशेबाने चालत राहते. मंजुरी नसेल, तर मूळ १० लाखांतच ५,००० चौरस फूट उरकायचे आहेत असे धरावे लागते आणि टक्केवारी खाली येते. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. अप्रामाणिक मार्ग तिसरा: गुपचूप १० लाखांच्या जागी १२.५ लिहिणे, म्हणजे कुणी काय मंजूर केले हे कुणालाच कळत नाही.

खर्चाचे सूत्र सगळ्यांत सोपे आणि फसगत सगळ्यांत मोठी. `Cost` शीटवर A मध्ये आठवडा, B मध्ये संकेतांक, C मध्ये रक्कम, आणि `Earned` च्या आठव्या ओळीत:

```
=SUMIFS(Cost!$C$2:$C$500,Cost!$A$2:$A$500,"<="&B$1)
```

प्रश्न एवढाच, की A मध्ये कुठला आठवडा लिहायचा. खजिनदारांच्या वहीत चेक दिल्याचा आठवडा असतो. ठेकेदाराचे रनिंग बिल काम झाल्यावर येते, सल्लागार ते मोजमाप पुस्तकाशी ताडून पाहतात, मग सह्या, मग चेक. मधे तीन-चार आठवडे सहज जातात. शिवाय बिलातून रिटेन्शन कापलेले असते. चेकच्या तारखेने हिशेब मांडला, तर आठव्या आठवड्यात खर्च १२ लाख आणि कमावलेले मूल्य १४.५ लाख दिसते: पहिल्या कामाचे पूर्ण ४, दुरुस्तीच्या ७५ टक्क्यांचे ७.५ आणि गिलाव्याच्या २५ टक्क्यांचे ३. रुपयाला १ रुपया २१ पैशांचे काम! सभा टाळ्या वाजवून उठते. आता काम ज्या आठवड्यात झाले त्याच आठवड्यात त्याचा खर्च लिहू, बिल आले असो वा नसो. परांचीचे वाढीव भाडे, अंदाजापेक्षा जास्त गंजलेल्या आणि बदलाव्या लागलेल्या सळया, कापलेले रिटेन्शन, हे सगळे धरून तो १७.४ लाख होतो. आता रुपयाला ८३ पैशांचेच काम मिळते आहे. इमारत तीच, आठवडा तोच. सुरुवातीला दिलेला ॲडव्हान्सही या शीटवर घेऊ नये. तो खर्च नाही, तो पुढच्या बिलांतून वळता होणार असतो.

`Dash` ही समितीने बघायची शीट. तिच्या B1 मध्ये चालू आठवडा, `=MAX(Progress!A2:A500)`. बाकीचे आकडे त्याच्यावर टांगलेले:

```
B2  =INDEX(Planned!B7:Y7,B1)
B3  =INDEX(Earned!B7:Y7,B1)
B4  =INDEX(Earned!B8:Y8,B1)
B5  =SUM(Plan!C2:C6)
B6  =B3/B4
B7  =B3/B2
B8  =B5/B6
```

B6 म्हणजे खर्चाचा निर्देशांक, आपल्या उदाहरणात ०.८३. B7 वेळेचा, १४.५ भागिले २०, म्हणजे ०.७३. B8 म्हणते की याच गतीने पैसे जात राहिले तर ४० लाखांचे काम ४८ लाखांना पडेल. हा शेवटचा आकडा पाहून लोक घाबरतात, आणि माझ्या मते तो एकटा दाखवूच नये. त्यामागे असे गृहीत आहे की उरलेले प्रत्येक काम आतापर्यंतच्याच तोट्याने होईल. पण तोटा झाला तो गंजलेल्या सळयांमुळे. रंगाचा दर ठरलेला आहे, रंगाला सळया नसतात. म्हणून शेजारी दुसरा अंदाजही ठेवावा, `=B4+B5-B3`: उरलेले २५.५ लाखांचे काम ठरल्या दरात झाले तर एकूण ४२.९ लाख. खरे उत्तर या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे, आणि दुरुस्तीचा उरलेला पाव हिस्सा पाहता ते ४२.९ च्या जरा वरच असणार. वर्गणी किती वाढवायची हे ठरवायला समितीला ही मर्यादा पुरते.

आलेख काढताना एक छोटी अडचण येते. पुढच्या आठवड्यांसाठीही सूत्र शेवटचीच टक्केवारी दाखवत राहते, त्यामुळे कमावलेल्या मूल्याची रेषा आजपासून सपाट धावते आणि काम ठप्प झाल्यासारखे वाटते. आलेखासाठी नवव्या ओळीत `=IF(B$1>Dash!$B$1,NA(),B7)` आणि दहाव्या ओळीत खर्चासाठी तसेच लिहावे. `#N/A` असलेले बिंदू आलेख काढतच नाही, रेषा आजवर येऊन थांबते. बेरजा मात्र सातव्या ओळीवरूनच घ्याव्यात, कारण एका `#N/A` ने अख्खी बेरीज बिघडते.

वेळेच्या निर्देशांकात मात्र एक मुळातला दोष आहे, तो कुठल्याही सूत्राने झाकत नाही. आपले काम १६ ऐवजी २० आठवड्यांनी संपले असे धरा. विसाव्या आठवड्यात कमावलेले मूल्य ४० लाख, नियोजित मूल्यही ४० लाख, कारण योजना सोळाव्यातच संपलेली. भागाकार १. चार आठवडे उशीर झालेले काम कागदावर वेळेवर संपते. हा आकडा कामाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात आपोआप सुधारू लागतो आणि नेमक्या त्याच दिवसांत समिती निर्धास्त होते.

२००३ साली वॉल्ट लिप्के यांनी यावर मार्ग सुचवला. अमेरिकी हवाई दलाच्या सॉफ्टवेअर विभागात ते काम करत. त्यांनी प्रश्न उलटा विचारला: आज जेवढे मूल्य कमावले आहे, तेवढे योजनेनुसार कधी कमवायला हवे होते? आपले १४.५ लाख योजनेत सहाव्या आणि सातव्या आठवड्यांच्या मधे येतात. सहाव्याअखेर १३.६७ लाख, सातव्याअखेर १६.८३ लाख. मधला हिस्सा प्रमाणात काढला की ६.२६ आठवडे. आठ आठवडे खर्ची पडले, काम मात्र सव्वासहा आठवड्यांचे झाले. शीटवर हे असे:

```
B9   =MATCH(B3,Planned!B7:Q7,1)
B10  =B9+IFERROR((B3-INDEX(Planned!B7:Q7,B9))
     /(INDEX(Planned!B7:Q7,B9+1)
     -INDEX(Planned!B7:Q7,B9)),0)
B11  =B10/B1
B12  =MAX(Plan!E2:E6)/B11
```

इथे पट्टा Y7 पर्यंत नाही, Q7 पर्यंतच आहे, म्हणजे योजनेच्या सोळाव्या आठवड्यापर्यंत. हे मुद्दाम केले आहे. त्यापुढे नियोजित मूल्य ४० वरच राहते, आणि एकसारख्या आकड्यांच्या रांगेत `MATCH` शेवटच्यावर जाऊन बसते. पट्टा Y पर्यंत ठेवला तर काम पूर्ण होताच उत्तर १६ ऐवजी २४ येते. वाढीव कामाची ओळ घातल्यावर योजना लांबली, तर हा पट्टा तेवढाच लांबवावा लागतो. पहिल्या आठवड्यात ठरल्यापेक्षा कमी काम झाले तर B9 मध्ये `#N/A` दिसेल, तो नोंदी वाढल्यावर जातो. B11 आपल्याकडे ०.७८ येतो आणि विसाव्या आठवड्यात काम संपेल तेव्हाही ०.८ च राहतो, १ होत नाही. B12 सांगतो २०.४ आठवडे.

उशीर लपवण्याची एक वाट अजून उघडी आहे. `Plan` मध्ये गिलाव्याचा शेवटचा आठवडा १२ च्या जागी १६ केला, की आठव्या आठवड्याचे नियोजित मूल्य २० वरून १८ लाखांवर येते आणि B7 एका कळीसरशी ०.७३ वरून ०.८१ होतो. भिंतीवर एक थापीही चढलेली नसते. म्हणून सभेने मंजूर केलेली `Plan` शीट कुलूपबंद करावी आणि सुधारित वेळापत्रक हवेच असेल तर ते तारखेसह वेगळ्या शीटवर लिहावे.

आता २०.४ आठवडे म्हणजे काय, ते पंचांगात पाहू. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी सुरू झालेले काम एप्रिलच्या अखेरीस संपायचे होते, ते मे महिन्याच्या अखेरीस जाते. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो असे हवामान खाते धरते, आणि त्याआधीच्या वळवाला तर तारीखच नसते. इथे या पद्धतीची मर्यादा लागते. ती एकूण किती मागे आहोत ते सांगते, कुठले काम कशासाठी अडले आहे ते सांगत नाही. एक लाखाचा रंग आणि एक लाखाचे वॉटरप्रूफिंग तिच्या लेखी सारखेच, पावसाच्या लेखी नाही. पाचही ओळी एकसारख्या पुढे ढकलल्या तर गच्चीचे काम एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला संपेल, आणि त्यानंतर पाणी साठवून गळती पाहायची चाचणी उरतेच. पण `Plan` मधली गच्चीची ओळ बाहेरच्या गिलाव्यावर अवलंबून नाही. गिलावा मागे पडला असला तरी ती ठरल्याप्रमाणे नवव्या आठवड्यात, म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यातच सुरू करता येते. त्यासाठी ठेकेदाराकडून वॉटरप्रूफिंगची वेगळी टोळी याच सोमवारी मागवावी लागेल.